बॉयलर बदलण्याचं प्रस्तावपत्र मालकाला पाठवायचंय, आकडे तपासून द्याल का? (न्यू जर्सी)

तळघर

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एका लहान मेकॅनिकल कंत्राटदाराकडे काम करतो. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्यांची तीन मजली विटांची इमारत १९६८ ची, २४ फ्लॅट, सगळे भाड्याने दिलेले. हीटिंग आणि गरम पाणी भाड्यातच, त्यामुळे गॅसचं बिल मालकांच्या खिशातून. मालक म्हणजे सांगलीकडचे पंच्याहत्तरीचे काका. व्यवहार मुलगा बघतो, पण सही काकांचीच.

ऑफिसने नेहमीप्रमाणे इंग्रजीत अकरा पानांचं कोटेशन पाठवलं. काकांचा फोन आला, "हे पोराला पाठव. मला मराठीत दोन पानांत लिहून दे, मी घालायचे किती आणि ते परत येणार कधी. बाकीचं तुझं तू बघ."

आता बॉयलरबद्दल. तो १९८० च्या दशकातला आहे, ओतीव लोखंडाचा, सेक्शन जोडून बनवलेला, तासाला १२ लाख बीटीयू उष्णतेचा. वाफ नाही, गरम पाणी पंपाने फ्लॅटमधल्या भिंतींच्या तळाशी बसवलेल्या बेसबोर्डांतून फिरतं. तिसऱ्या आणि चौथ्या सेक्शनच्या जोडावर गंजाचे ओघळ आलेत. गळतंय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कमी झालेलं पाणी व्हॉल्व्ह आपोआप भरून काढतो. मी त्या लाइनवर एक छोटा मीटर बसवला, तर आठ दिवसांत ४६ गॅलन ताजं पाणी आत गेलं. बंद सर्किटमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. त्या मॉडेलचे सेक्शन आता मिळत नाहीत.

प्रस्ताव असा: प्रत्येकी २,८५,००० बीटीयूचे दोन कंडेन्सिंग बॉयलर. ऐन थंडीच्या रात्री इमारतीला तासाला ४ लाखांच्या आसपास लागतात असा आमच्या इंजिनियरचा हिशोब आहे, म्हणजे जुना बॉयलर दुपटीहून मोठा होता. पत्रातला पैशांचा परिच्छेद खाली देतोय, झोडपा.

*"सा. न. वि. वि. गेल्या वर्षी आपल्या इमारतीला १५,६०० थर्म गॅस लागला. सध्याच्या बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, नव्याची ९५ टक्के. त्यामुळे वर्षाला सुमारे ४,१०० थर्म गॅस वाचेल. थर्मला सव्वा डॉलर धरल्यास ही बचत ५,१३० डॉलर होते. कामाचा खर्च ७६,००० डॉलर. म्हणजे पंधरा वर्षांत पैसे वसूल आणि त्यापुढे निव्वळ फायदा."*

केळफूल

सा. न. वि. वि. ने सुरू होणारं बॉयलरचं कोटेशन आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाकी काही कळलं नाही, पण वाचते आहे.

सूतगिरणी

पंधरा वर्षं? थट्टा करताय का? आमचं इचलकरंजीत प्रोसेस हाउस आहे. तीन टनांच्या बॉयलरला इकॉनॉमायझर लावला, चौदा महिन्यांत पैसे सुटले. तुमच्याकडे स्टीम ट्रॅप तपासलेत का? निम्मे गळके असतात. आणि इन्स्पेक्टरकडून आयबीआरचं सर्टिफिकेट घ्यायला विसरू नका, नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

तळघर

@सूतगिरणी, दादा, इथे वाफच नाही, त्यामुळे ट्रॅप नाहीत. आणि आयबीआर हा भारतातला कायदा, इथले इन्स्पेक्शनचे नियम वेगळे. पण तुमचे चौदा महिने आणि माझी पंधरा वर्षं यांतल्या फरकाचं खरं कारण वेगळंच आहे. तुमचा बॉयलर दिवसाला वीस तास, वर्षाचे तीनशे दिवस दणकून चालतो. माझा ऑक्टोबर ते एप्रिल चालतो आणि पूर्ण जोर फार तर आठवडाभर लावतो. वाचवायला मुळात तेवढा गॅस जळतच नाही.

आकडेमोड

व्यवसायाने सीए आहे, बॉयलरमधलं शष्प कळत नाही. पण ९५ वजा ७० म्हणजे २५ टक्के. १५,६०० चे २५ टक्के ३,९०० होतात. तुम्ही ४,१०० लिहिलेत. काकांचा मुलगा हीच चूक पहिली पकडेल.

दुसरं, हे ७० कुठून आलं? मोजलंत की ठोकून दिलंत?

जुनाफिटर

बॉस्टनकडे अठ्ठावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी सीएसाहेबांचं. टक्क्यांची वजाबाकी करायची नसते. इमारतीला लागणारी उष्णता तेवढीच राहते, बदलतो तो जाळायचा गॅस. १०० थर्म जाळून ७० थर्मची उष्णता आत येत असेल, तर तेवढीच उष्णता ९५ टक्केवाला ७३.७ थर्ममध्ये देईल. वाचले २६.३. म्हणजे ४,१०० हा गुणाकार बरोबर आहे. पण त्यांचा दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण गुणाकारात घातलेले तिन्ही आकडे चुकीचे आहेत.

तळघर, एक सांग. जुलै महिन्यात या इमारतीचं गॅसबिल किती येतं?

तळघर

जुलै २९० थर्म, ऑगस्ट ३१०.

...अरे देवा. कळलं.

जुनाफिटर

कळलं ना? जुलैत हीटिंग बंद असतं. तो गॅस अंघोळीच्या पाण्याचा. वॉटर हीटर वेगळा आहे असं मी धरून चाललोय. तो तू बदलत नाहीयेस, मग त्याच्या गॅसवर बचत कशी दाखवतोस? महिना ३०० धरला तर वर्षाचे ३,६०० झाले. ते वजा केले की बॉयलरचे उरतात १२,०००. हासुद्धा वरचाच आकडा समज, कारण जानेवारीत नळाला येणारं पाणी जास्त गार असतं आणि वॉटर हीटर तेव्हा जास्त खातो.

आता ९५. तो कारखान्यातल्या चाचणीचा आकडा आहे. कंडेन्सिंग बॉयलरची सगळी करामत धुरातल्या वाफेचं पाणी करण्यात आहे, आणि ते व्हायला बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण १३० फॅरनहाइटच्या खाली असावं लागतं. परतीचं पाणी १६० ने येत असेल तर तुझा महागडा स्टेनलेसचा बॉयलर ८६-८७ टक्क्यांवरच घुटमळणार. १९६८ च्या इमारतीत बेसबोर्ड १८० च्या पाण्याच्या हिशोबाने बसवलेले असतात. कडाक्याच्या थंडीत पाणी तेवढं तापवावंच लागेल आणि त्या दिवशी कंडेन्सिंग विसर.

मात्र न्यू जर्सीच्या हिवाळ्याचा मोठा भाग ३५ ते ५० मध्ये जातो. त्या दिवसांत १४०-१५० चं पाणी पुरायला हवं. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान खालीवर करणारं कंट्रोल लावलं आणि ते नीट सेट केलं, तर सगळ्या सीझनचं सरासरी ८८ धर. ९५ धरलंस तर दोन वर्षांनी काका बिलं घेऊन दारात उभे राहतील.

आणि ७०? तिथे कदाचित तू जुन्या बॉयलरवर थोडा अन्याय केलायस. धुराची चाचणी केलीस का?

स्टुटगार्टची_माई

आमच्याकडे जर्मनीत कंडेन्सिंग बॉयलरच्या माहितीपत्रकावर १०७ टक्के लिहिलेलं असायचं! तुमच्या अमेरिकेत ९५ च कसे? तिकडे मागास माल विकतात काय?

जुनाफिटर

माई, माल तोच आहे. तुमच्याकडे जुन्या पद्धतीत धुरातल्या वाफेची उष्णता इंधनाच्या हिशोबातच धरत नव्हते, म्हणून ती परत मिळवली की शंभरच्या वर जायचं. आमच्याकडे ती आधीच धरतात. तुमचे १०७ आमच्या मापाने ९६ च्या आसपास येतात. तळघर, काकांचा कुणी भाचा जर्मनीत असेल तर हे उत्तर खिशात ठेव.

तळघर

धुराच्या चाचणीची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तिच्यावर ७९ आलंय. मी ७० लिहिलं कारण ऑफिसात सगळे "जुना असेल तर ७०" असंच लिहितात.

जुनाफिटर

७९ हे चालू असतानाचं. बॉयलर दुपटीहून मोठा असल्यामुळे चार मिनिटं पेटतो, पाणी तापतं, बंद होतो. मग तापलेलं लोखंड आपली ऊब चिमणीतून वर सोडत बसतं, आणि हे दिवसातून पन्नास वेळा. म्हणून सीझनचा आकडा त्याहून खाली येतो. मी ७२ धरीन. पण पत्रात स्पष्ट लिही की हा अंदाज आहे, ७० ते ७५ मध्ये कुठेही असू शकतो. काकांना अंदाज चालतो. अंदाजाला माप म्हणून खपवलेलं चालत नाही.

तळघर

परत मांडतो. १२,००० थर्म, ७२ वरून ८८. म्हणजे २,१८० थर्म वाचतात, २,७२७ डॉलर. ७६,००० भागिले २,७२७...

अठ्ठावीस वर्षं.

झालं. हे पत्र वाचून काका मला पोहे खाऊ घालतील आणि वाटेला लावतील.

आकडेमोड

थांबा, आता माझ्या अंगणात आलात. बॉयलर गळतोय आणि सुटे भाग मिळत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे काहीच न करणे हा पर्यायच नाही. काकांना आज ना उद्या नवा बॉयलर घ्यायचाच आहे, प्रश्न एवढाच की कुठला. मग सगळ्या ७६,००० ची वसुली गॅसच्या बचतीतून कशाला काढता? साधा बॉयलर बसवायला किती पडतील ते सांगा. त्याच्या वर जे जास्त लागतात, तेवढ्याचीच वसुली मोजायची.

तळघर

हे एकदम पटलं. तसाच ओतीव लोखंडाचा, पण योग्य मापाचा, पाच लाखांचा नवा बॉयलर घेतला तर ४६,०००. फरक ३०,०००. त्याला २,७२७ ने भागलं की अकरा वर्षं! वाचलो.

जुनाफिटर

नाही वाचलास. सीएसाहेबांनी अर्धा रस्ता दाखवला, उरलेल्या अर्ध्यात खड्डा आहे.

खर्चाची तुलना नव्या साध्या बॉयलरशी करतोस, मग बचतीची तुलना जुन्या गळक्याशी कशी? योग्य मापाचा नवा ओतीव लोखंडाचा बॉयलर ७२ नाही देणार, ७८ देईल. म्हणजे गॅस १२,००० वरून ११,०८० वर त्यानेच आणलेला असेल. कंडेन्सिंग त्याला तिथून ९,८२० वर नेईल. जास्तीच्या पैशांची खरी कमाई या दोन आकड्यांतला फरक, साधारण १,२६० थर्म, १,५७५ डॉलर.

शिवाय तुझ्या कोटेशनात चिमणीचं काम कुठे आहे? वॉटर हीटर कुठे सोडलाय?

आकडेमोड

मान्य. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, प्रोजेक्टच्या तुलनेत रोज हेच करतो.

तळघर

वॉटर हीटर जुन्याच विटांच्या चिमणीत जातो, बॉयलरबरोबर. कोटेशनात चिमणीचं काही नाही. नवे बॉयलर प्लॅस्टिकच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून धूर सोडणार, म्हणून चिमणीचा विषय कुणी काढलाच नाही.

जुनाफिटर

हेच मला हवं होतं. १२ लाखांचा बॉयलर त्या चिमणीला ऊब देत होता. तो गेल्यावर एकटा वॉटर हीटर एवढ्या मोठ्या गार चिमणीत धूर सोडणार. धूर वर जायच्या आधीच गार होतो, विटांवर आम्लाचं पाणी सुटतं, एक-दोन हिवाळ्यांत आतला गिलावा झडतो. त्याहून वाईट म्हणजे ओढ कमी पडली तर धूर तळघरात उलटा येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. वॉटर हीटरच्या मापाचा स्टीलचा लायनर आत सोडावाच लागेल. नसेल घातलास तर ते काम सुरक्षित नाही. हा मुद्दा पैशांच्या वर ठेव.

तळघर

लायनरचा भाव घेतला, ४,५००. म्हणजे कंडेन्सिंगचा आकडा ८०,५००. फरक ३४,५००. भागिले १,५७५, बावीस वर्षं.

कंडेन्सिंग बॉयलरचं आयुष्यच पंधरा ते वीस वर्षं धरतात. म्हणजे पैसे वसूल व्हायच्या आधी बॉयलर भंगारात. मला आता खरंच कळत नाही की मी या गोष्टीची शिफारस तरी का करतोय.

गारठा

मी अशाच एका इमारतीत भाड्याने राहते, तिसऱ्या मजल्यावर. जानेवारीत आमच्या घरात ७८ असतं आणि आम्ही खिडक्या उघड्या ठेवून झोपतो. खालच्या मजल्यावरच्या आजी मात्र स्वेटर घालून बसतात. मालकाला सांगितलं तर म्हणतो, कमी केलं तर खालचे तक्रार करतील. कायद्याने ऑक्टोबर ते मे सकाळी ६ ते रात्री ११ घरात ६८ असायलाच हवं ना? मग सगळ्यांच्या घरात ६८ का नाही ठेवत? तुमच्या पत्रात उघड्या खिडक्यांचा हिशोब कुठाय?

तळघर

@गारठा, हो, १ ऑक्टोबर ते १ मे, दिवसा ६८ आणि रात्री ६५. उघड्या खिडक्या आमच्या इमारतीतही आहेत. जानेवारीत पार्किंगमधून मोजल्या होत्या, वरच्या मजल्यावर पाच. पण त्याला आकडा कसा लावायचा?

जुनाफिटर

आकडा नको लावू. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी बदलायला लागलं की वरच्यांचं उकडणं कमी होतं हे खरं. पण ते कंट्रोल साध्या बॉयलरलाही लावता येतं, थोडं कमी ताणून, कारण लोखंडी बॉयलरला १४० च्या खालचं परतीचं पाणी कायम चालत नाही. म्हणजे ती बचत फक्त कंडेन्सिंगच्या खात्यात टाकणं लबाडी होईल. आणि वर उकडतं, खाली गारठतं हा बॉयलरचा नाही, पाइपांच्या बॅलन्सिंगचा आजार आहे.

आता तुझं रडगाणं. चिमणीचा नियम दोन्हीकडे लाव ना! नवा साधा बॉयलर पाच लाखांचा, म्हणजे जुन्याच्या निम्म्याहून कमी. तो आणि वॉटर हीटर मिळूनसुद्धा त्या चिमणीसाठी लहानच आहेत. तिथेही लायनर लागणार, आणि दोघांचा धूर न्यायचा म्हणून मोठा.

शिवाय ८८ वर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. परीक्षा घे. बाहेर ३५-४० असताना दोन दिवस जुन्या बॉयलरचं पाणी १५० वर आण. दोन दिवसांत त्याला काही होत नाही. कोण तक्रार करतं ते बघ.

सूतगिरणी

मला एक कळत नाही, गॅसच्या ऐवजी ब्रिकेटवर का नाही चालवत? निम्म्या खर्चात होईल.

केळफूल

दादा, तिथे तळघरात पार्किंग आणि धुण्याची मशीनं असतात, ब्रिकेटचा ट्रक कुठे उभा करतील?

तळघर

पाच दिवसांनी येतोय, परीक्षा घेऊन.

मंगळवार आणि बुधवार, बाहेर ३६ ते ४१. बॉयलरवर १५० ठेवलं, परतीच्या पाइपवर चिकटवलेल्या थर्मामीटरवर १३२ च्या आसपास दिसत होतं. चोवीसपैकी एकच तक्रार आली, तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटची. घरात ६६ होतं. जाऊन बघितलं तर लांबलचक सोफा बेसबोर्डला भिंतीसारखा टेकवलेला. झाकण काढलं तर पातळ पत्र्यांच्या पाकळ्यांमध्ये मांजराचे केस आणि धुळीचा नमदा बसलेला, हवा जायला जागाच नाही. व्हॅक्यूमने ओढला, वाकलेल्या पाकळ्या कंगव्याने सरळ केल्या, सोफा वीतभर पुढे घेतला. संध्याकाळी ६९.

म्हणजे या हवेत पाणी १४५ पर्यंत खाली नेलं तरी चालेल आणि परतीचं १३० च्या खाली राहील असं दिसतंय.

मोठ्या लायनरचा भावही आला, ९,०००. म्हणजे साध्या बॉयलरचं खरं कोटेशन ५५,०००. कंडेन्सिंगचं ८०,५००. फरक २५,५००, भागिले १,५७५, सोळा वर्षं. गॅस कंपनीकडून ६,००० ची रिबेट मिळण्यासारखी आहे, ती मिळाली तर साडेबारा.

आकडेमोड

रिबेट मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत मूळ आकड्यात धरू नका, वेगळ्या ओळीत लिहा. आणि देखभाल? दोन्हींची सारखीच आहे का?

तळघर

नाही. कंडेन्सिंगला दरवर्षी आतून साफ करावं लागतं, आम्लाचं पाणी ज्या दगडांच्या डब्यातून गाळून सोडतात ते दगड बदलावे लागतात. दोन बॉयलर मिळून साध्यापेक्षा वर्षाला ४०० जास्त. हे आमच्या कोटेशनात नाही, कारण... सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट आमचंच असतं. समजून घ्या.

जुनाफिटर

समजलो. म्हणूनच लिही. नंतर कळलं तर काकांशी असलेला संबंध तुटेल, ऑफिसचं काही जाणार नाही.

तळघर

शेवटी हे लिहिलं. ऑफिसला दाखवलं. साहेब म्हणाले, "एवढं खरं कुणी विचारलं होतं?" पण जाऊ दिलं.

*"सा. न. वि. वि.*

*काका, आपला बॉयलर गळतो आहे. आठ दिवसांत ४६ गॅलन नवं पाणी त्यात गेलं. ताज्या पाण्याबरोबर हवा आत जाते आणि लोखंड आतून खाते, त्यामुळे गळती वाढतच जाईल. त्याचे भाग आता मिळत नाहीत. तो बदलावा लागेल, हे मी बचतीसाठी सांगत नाही.*

*बदलायचे दोन रस्ते आहेत. पहिला, सध्यासारखाच पण योग्य मापाचा एक नवा बॉयलर, चिमणीच्या दुरुस्तीसह ५५,००० डॉलर. दुसरा, दोन कंडेन्सिंग बॉयलर, चिमणीच्या दुरुस्तीसह ८०,५०० डॉलर. चिमणीचं काम दोन्हींत आवश्यक आहे. ते आमच्या पहिल्या कोटेशनात राहून गेलं होतं, त्याबद्दल क्षमस्व.*

*हीटिंगला सध्या वर्षाला सुमारे १२,००० थर्म गॅस लागतो. हा आकडा आपल्या बिलांतून उन्हाळ्यातला गॅस वजा करून काढला आहे. पहिल्या रस्त्याने तो ११,१०० वर येईल, दुसऱ्याने ९,८०० वर. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता मी अंदाजाने धरली आहे, त्यामुळे यात तीन-साडेचारशे थर्म इकडे-तिकडे होऊ शकतील.*

*दुसऱ्या रस्त्याला २५,५०० जास्त लागतात. त्याबदल्यात पहिल्यापेक्षा वर्षाला सुमारे १,५७५ डॉलरचा गॅस कमी लागेल, पण देखभाल ४०० ने महाग पडेल. हातात उरतात ११७५. म्हणजे जास्तीचे पैसे परत यायला जवळजवळ बावीस वर्षं. गॅस कंपनीची ६,००० ची रिबेट मिळाली तर साडेसोळा. गॅस पावणेदोन डॉलरवर गेला आणि रिबेटही मिळाली तर अकरा. हे बॉयलर पंधरा ते वीस वर्षं टिकतात, पहिल्या रस्त्याचा त्याहून जास्त.*

*नुसत्या गॅसच्या बचतीकडे बघून दुसरा रस्ता घ्या असं मी म्हणणार नाही. तरी माझी शिफारस दुसऱ्याची आहे, आणि ती एका कारणासाठी. बॉयलर दोन असतील तर जानेवारीच्या रात्री एक बंद पडला तरी दुसरा इमारतीला लागणारी साठ-पासष्ट टक्के उष्णता देत राहील. एकच असेल तर चोवीस घरं गार होतील. त्या एका रात्रीची किंमत काय धरायची हे आपण ठरवा."*

स्टुटगार्टची_माई

"क्षमस्व" पाहून बरं वाटलं. इथल्या कंत्राटदाराने मला कधी म्हटलेलं नाही.

आकडेमोड

चांगलं आहे, पण अजून एक खोट काढतो. पहिल्या रस्त्यातही अडीच-अडीच लाखांचे दोन साधे बॉयलर बसवता येतील ना? मग तुमचं शिफारशीचं एकमेव कारणही गेलं.

जुनाफिटर

सीएसाहेब, धंदा बदला, आमच्याकडे या.

बसवता येतात. खर्च पाच-सहा हजारांनी वाढेल आणि तळघरात जागा हवी. तळघर, हा तिसरा पर्याय काकांच्या मुलाने विचारायच्या आधी भाव काढून ठेव. माझं स्वतःचं मत विचारशील तर मी अजून कंडेन्सिंगकडेच झुकतो, कारण परतीचं पाणी १३० च्या खाली ठेवता येतं हे तू दाखवलंस. पण हे मत आहे, हिशोब नाही.

तळघर

काकांचा काल फोन आला. पत्र दोनदा वाचलं म्हणाले, पेन्सिलने खुणा केल्यात. पहिला प्रश्न: "दोन साधे बसवले तर?" (सीएसाहेब, नमस्कार.) दुसरा: "कंडेन्सिंगचं ते आम्लाचं पाणी सोडणार कुठे? बॉयलर रूममध्ये तर मोरीच नाही." आणि खरंच नाहीये. छोटा पंप लावून धुण्याच्या मशीनच्या ड्रेनपर्यंत न्यावं लागेल, तेही लिहायचं राहिलं. दोन्हींचे भाव गुरुवारपर्यंत देतो म्हणालो. मुलगा थँक्सगिव्हिंगला घरी येणार आहे, तेव्हा ठरवतील.

आज मीटर बघून आलो. या आठवड्यात सातच दिवसांत ६१ गॅलन.

जुनाफिटर

४६ वरून ६१, तेही एक दिवस कमी. थँक्सगिव्हिंगची वाट बघताना मीटर रोज वाच आणि भाड्याच्या फिरत्या बॉयलरवाल्याचा नंबर काकांना आजच देऊन ठेव. दिवसाला पंधराच्या वर गेला तर मला फोन कर. गळती बुजवायची पावडर मात्र त्यात टाकू नकोस. नवे बॉयलर त्याच पाइपांना जोडायचेत, आणि ती पावडर त्यांच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

तळघर

आज ९ गॅलन. उद्या परत बघतो.